एक जूनच्या शुभेच्छा आणि ‘पत्रास कारण की’

३१ मेची रात्र. जेवणं झाली होती आणि उकाड्यामुळे आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. भाचीने मोबाईल माझ्यासमोर धरला. “मामू, ये जरा देखो ना. सरको भेजना है सुबह. कार्डपरसे उतारे जैसा तो नहीं लगता?”

भाची जालन्याला नर्सिंगचं शिकते. सुटीत राजूरला आली होती. ज्या सरांना तो मेसेज पाठवायचा होता, त्यांनी तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जूनला, सरांचा वाढदिवस होता. मेसेज लिहून तयार होता. तिला फक्त माझ्याकडून ‘बराबर है’ एवढं ऐकायचं होतं. मी तसं म्हणून मोकळा झालो असतो, पण तिने विचारलेला प्रश्न मला आवडला. मेसेज छान झालाय का, असं तिने विचारलं नव्हतं. तो उतरवलेला वाटतो का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं अनेकदा उलटी येतात.

आमच्या काही घरांत वाढदिवस साजरा करावा की नाही, यावरच मतभेद आहेत. तो आजचा विषय नाही. कुणाला चार शब्द पाठवायचे असं एकदा ठरलं की ते चार शब्द कसे असावेत, एवढ्यापुरतंच मी लिहितो आहे.

तिचा मेसेज असा होता:

“आदरणीय सर, आपणास वाढदिवसाच्या कोटी कोटी हार्दिक शुभेच्छा! आजचा दिवस सोन्याचा, कारण आजच्याच दिवशी ज्ञानाचा एक दीप या भूतलावर प्रकटला. आपण आमच्या जीवनाचे खरे शिल्पकार आहात. आपण फणसासारखे वरून काटेरी, पण आतून गोड आहात. आपल्या हातून असेच विद्यार्थी घडत राहोत. आपणास सुख, समृद्धी आणि निरोगी दीर्घायुष्य लाभो, हीच सदिच्छा. आपली विद्यार्थिनी.”

वाचताना कुठेही अडत नाही. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. राजूरच्या चौकात वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो, त्यावर फोटोखाली हा मजकूर टाकला तरी कुणाला काही वेगळं वाटणार नाही. खरी अडचण तीच आहे.

मी तिला म्हणालो, “सरांचं नाव विसर. हा मेसेज तुझ्या गणिताच्या सरांना जाईल का?” ती म्हणाली, “जाईल.” “नर्सिंग कॉलेजच्या मॅडमना?” “जाईल.” “मला?” ती हसली. “शिल्पकारवाला काढला तर तुम्हालाबी जाईल.”

ही पहिली कसोटी. मजकुरावरून नाव झाका आणि तो आणखी तीन माणसांना बसतो का ते पाहा. बसत असेल तर तो कार्डाचा मजकूर आहे, मग तो तुम्ही स्वतः टाईप केलेला का असेना. भाचीने हा मेसेज कुठूनही कॉपी केला नव्हता. प्रत्येक शब्द तिने स्वतः लिहिला होता. तरीही तो उतरवलेलाच होता, कारण ती वाक्यं तिने आजवर इतक्या वेळा वाचली होती की लिहायला बसल्यावर तीच बोटांवर आली. उतरवणं म्हणजे फक्त समोर कागद ठेवून नक्कल करणं नव्हे. आठवणीतूनही नक्कल होते, आणि ती आपली आपल्याला कळत नाही. म्हणून ‘मी स्वतः लिहिलंय’ हा पुरावा इथे चालत नाही.

यात कार्डाचा काही दोष नाही. छापील कार्डाचा धंदाच तसा आहे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी नाताळचं पहिलं व्यापारी शुभेच्छापत्र छापून घेतलं. त्यावर मजकूर छापलेला होता, आणि वर ‘कुणाला’ व खाली ‘कुणाकडून’ या दोन जागा मोकळ्या सोडल्या होत्या. हजारएक माणसांनी एकच पत्र घ्यायचं आणि फक्त दोन नावं भरायची. मधला मजकूर हजार नात्यांना चालला पाहिजे, तरच कार्ड खपणार. म्हणजे कार्डाचं वाक्य कुणालाही बसतं, ते लिहिणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. ते मुद्दाम तसंच घडवलेलं असतं. आपण तेच वाक्य एका माणसासाठी वापरतो, तेव्हा हजारांच्या मापाने शिवलेला सदरा एकाला घालत असतो.

माझ्या लहानपणी ईदकार्डं यायची. वर गुंबद, चांद, आणि आत छापलेला एखादा शेर. तो शेर कुणी वाचायचं नाही. कार्ड उघडलं की नजर आधी खाली जायची. तिथे पाठवणाऱ्याने निळ्या शाईने हाताने काय लिहिलंय? ‘फकत सही है’ असं म्हणून काही कार्डं बाजूला ठेवली जायची. एखाद्यात ‘दादीजान के घुटने कैसे हैं’ एवढीच ओळ असायची, आणि ते कार्ड आठवडाभर दादीच्या उशाशी असायचं. कार्ड तेच, शेर तोच. फरक त्या एका ओळीचा.

भाचीच्या मेसेजकडे परत येतो. नाव झाकण्याची कसोटी तिला पटली, पण तिने एका वाक्यापाशी मला अडवलं. “फणसवाला तो सरकाच है मामू. सर वैसेच थे. वरून कडक, अंदरसे मवाळ.”

हे वाक्य इतरांपेक्षा अवघड आहे. ‘सुख, समृद्धी’ हे कुणालाही बसतं, हे लगेच दिसतं. ‘वरून काटेरी, आतून गोड’ मात्र खास त्याच माणसाबद्दल असल्यासारखं वाटतं. पाठवणाऱ्याला वाटतं आणि घेणाऱ्यालाही वाटतं. पण आपल्याला आवडलेल्या कुठल्याही शिक्षकाबद्दल आपण हेच म्हणू. वडिलांबद्दल, सासऱ्यांबद्दल, हवालदाराबद्दलही म्हणू. स्वतःबद्दल विचारलं तर जवळजवळ प्रत्येक माणूस म्हणेल की लोकांना मी कडक वाटतो, पण मनाने तसा नाही.

बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गावर याचा एक प्रयोग केला होता. त्याने ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी सोडवून घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते स्वतःला किती लागू पडतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना दिलेलं वर्णन शब्दशः एकच होतं, आणि ते त्याने बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलं होतं. वर्णनात साधारण असंच होतं: तुम्ही बाहेरून शिस्तीचे आणि सावरलेले दिसता, पण आतून काळजीत असता. फणसच तो.

त्यामुळे नाव झाकण्याची कसोटी लावताना एक काळजी घ्यावी लागते. ‘हे त्यांना लागू पडतं का?’ असं विचारलं तर फणस पास होतो. विचारायचं ते ‘हे कुणाला लागू पडणार नाही?’ असं. सरांच्या शाळेतल्या दहा शिक्षकांपैकी नऊ ज्या वाक्यातून गळतील, ते वाक्य सरांचं. एकही गळत नसेल तर ते कुणाचंच नाही.

आता त्या मेसेजमधली दोन वाक्यं अशी होती की ती नुसती सर्वांची नव्हती, ती चूक होती. उतरवलेल्या मजकुराचा हा दुसरा धोका. पहिल्यापेक्षा तो मोठा आहे, कारण पहिल्याने फक्त कंटाळा येतो, दुसऱ्याने माणूस दुखावतो.

पहिलं वाक्य: ‘आजच्याच दिवशी ज्ञानाचा दीप प्रकटला.’

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत १ जूनला किती वाढदिवस असतात, हे मी सांगायला नको. पूर्वी घरात जन्मतारखेची नोंद नसायची. बाप पोराचा हात धरून शाळेत न्यायचा. गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे, आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून त्या तारखेला सहा वर्षं पुरी व्हावीत अशी १ जून टाकायचे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळ्या घरांत अशी माणसं आहेत. माझे दोन मामा आणि त्यांची मोठी बहीण, तिघेही कागदावर १ जूनचे आहेत.

सरही त्यातलेच. आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नव्हती. दरवर्षी ते वर्गात सांगायचे की १ जून हा माझ्या गुरुजींचा अंदाज आहे, माझी आई म्हणते तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झालास. ही गोष्ट मला भाचीनेच सांगितली होती. मग ‘आजच्याच दिवशी प्रकटला’ हे तिने कसं लिहिलं? ती खोटं बोलत नव्हती. तिने ते वाक्य लिहिताना सरांचा विचारच केला नव्हता. वाढदिवसाचा मेसेज असा असतो, एवढाच विचार केला होता.

दुसरं वाक्य: ‘आपल्या हातून असेच विद्यार्थी घडत राहोत.’

जिल्हा परिषदेचे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून १ जूनवाले सगळे ३१ मेला निवृत्त होतात. या एका दिवशी राज्यभर कार्यालयं आणि शाळा रिकाम्या होतात ते याच कारणाने. भाची माझ्यासमोर मोबाईल धरून बसली होती ती तीच रात्र होती. सर त्याच दिवशी निवृत्त झाले होते. शाळेला उन्हाळ्याची सुटी, त्यामुळे निरोपाचा कार्यक्रम परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्येच उरकला होता. ३१ मेला कुणी हारही घातला नसेल. सकाळी उठल्यावर सर आयुष्यात पहिल्यांदा ‘सर’ नसणार होते, आणि त्या सकाळी त्यांच्या मोबाईलवर जाणार होतं: तुमच्या हातून असेच विद्यार्थी घडत राहोत.

मी एवढंच विचारलं, “कल से सर कौनसे वर्गपे जायेंगे?” तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि ते वाक्य पुसलं. काही बोलली नाही.

नाव झाकल्यानंतरची दुसरी कसोटी म्हणूनच मी ही मानतो: मजकूर त्या माणसाच्या आजच्या दिवसासमोर धरून वाचायचा. त्याच्या घरात या वर्षी काय झालं? आज सकाळी तो कुठे असेल? मेसेज वाचताना तो एकटा असेल की गर्दीत? तयार मजकुराला यातलं काही ठाऊक नसतं. मृत्यू झालेल्या घरात ‘असंच हसत राहा’, दुष्काळात पीक गेलेल्या माणसाला ‘अशीच भरभराट होत राहो’, असे मेसेज दरवर्षी जातात. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या मनात तो माणूसच नसतो, एवढंच. ‘असेच’, ‘सदैव’, ‘कायम’ हे शब्द दिसले की थांबावं. त्यांचा अर्थ आज जे चाललंय तेच चालू राहो असा होतो, आणि आज काय चाललंय हे माहीत नसताना ते लिहायचे नसतात.

मग उरलं ‘शिल्पकार’. मी म्हणालो, “शिल्पकार काय करतो? छिन्नी मारतो. सरांनी काय केलं?” ती म्हणाली, “शिकवलं.” “सगळेच शिकवतात. कुठल्या दिवशी, काय?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग जे तिने सांगितलं ते मला, तिच्या मामाला, तोवर माहीत नव्हतं.

आमच्या घरात दखनी बोलतात. त्या बोलीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही जवळजवळ नाही. आम्ही केळ्याला ‘केला’ म्हणतो, पाण्याला ‘पानी’. मराठी शाळेत गेलेल्या आमच्या प्रत्येक पोराला हे दोन वर्ण ओलांडून जावं लागतं, आणि ओलांडताना वर्ग हसतो. भाची पाचवीत होती. परिपाठात दिनविशेष वाचायची तिची पाळी आली. ‘टिळक’ऐवजी ‘टिलक’ गेलं आणि अख्खी रांग हसली. दुसऱ्या दिवशी ती परिपाठाला उभीच राहिली नाही, बाथरूमला जाऊन बसली.

सरांनी तिला रागावलं नाही आणि हसणाऱ्यांनाही भाषण दिलं नाही. त्यांनी तिला एक चाळीस पानी वही दिली. रोज दहा शब्द: बाळ, जांभूळ, सकाळ, कोळी. शेवटच्या तासानंतर ती ते मोठ्याने वाचायची. चुकलं तर सर लाल खूण करत नसत. त्या शब्दासमोर ते पेन्सिलीने ‘उद्या’ लिहायचे. काही शब्दांपुढे चार-चार ‘उद्या’ जमले. वही संपली तेव्हा तिला परत परिपाठात उभं केलं. शब्द त्यांनीच निवडलेले, आणि त्या दिवशीच्या मजकुरात ‘ळ’ किमान सहा वेळा असेल याची व्यवस्था करून ठेवलेली.

“ही वही कुठे आहे?” मी विचारलं. “पेटीत,” ती म्हणाली. “फेकी नहीं मैं.”

फणसाचं वाक्य आणि हा प्रसंग शेजारी ठेवून पाहा. एकात सरांचं विशेषण आहे, दुसऱ्यात सरांनी केलेलं काम. विशेषणं सगळ्यांची सारखी असतात: प्रेमळ, कर्तव्यदक्ष, मार्गदर्शक, मनमिळाऊ. कामं सारखी नसतात. म्हणून मजकूर तपासताना मी विशेषणांवर बोट ठेवतो आणि प्रत्येकाला विचारतो, तुझ्यामागे क्रियापद आहे का? नसेल तर ते विशेषण गळून पडलं तरी मेसेजचं काही बिघडत नाही. भाचीच्या मूळ मेसेजमध्ये दीप, शिल्पकार, काटेरी, गोड एवढं सगळं होतं, पण सरांनी भूतकाळात केलेली एकही गोष्ट नव्हती.

तिने तिथेच बसून दुसरा मसुदा लिहिला. तो आधीपेक्षा पुष्कळ लांब झाला. त्यात वही होती, परिपाठ होता, आणि मग: मी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मी वर्गात मराठीत रिपोर्ट वाचते, मला पहिल्या वर्षी इतके गुण मिळाले, मी कधी मागे हटले नाही, मी...

खरेपणाच्या शोधात निघालेला माणूस पहिल्यांदा याच खड्ड्यात पडतो. कार्डाची वाक्यं टाळायची म्हणून तो आपल्या आठवणी लिहायला लागतो, आणि आठवणीत मुख्य पात्र आपणच असतो. मी तिला ‘मी’ मोजायला सांगितलं. अकरा निघाले. ‘तुम्ही’ तीन. हा मेसेज उतरवलेला मुळीच नव्हता, प्रत्येक शब्द खरा होता, पण वाढदिवस सरांचा होता की तिचा, हे कळत नव्हतं. खोटेपणा नसला म्हणजे शुभेच्छा होतेच असं नाही. मोजणी फार काटेकोर करायची गरज नाही. वाक्याचा कर्ता कोण, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आणखी एक गोष्ट तिच्या कानाला लागावी म्हणून मी तिला तो मसुदा मोठ्याने वाचायला लावला. ‘आपणास’ आलं की तिचा आवाज बदलायचा, सूत्रसंचालकासारखा व्हायचा. वर्गात ती सरांना ‘सर, तुम्ही’ म्हणत होती. ‘आपण’ तिने आयुष्यात त्यांना कधी म्हटलं नव्हतं. आदर वाढवायला म्हणून ‘आपण’ घातलं आणि अंतर वाढलं. तोंडाने ज्याला जसं बोलतो तसंच लिहावं, असा माझा आग्रह नाही. लिहिताना थोडं आवरून लिहिलं जातं, ते बरोबरच आहे. पण जो शब्द त्या माणसासमोर उभं राहून तोंडातून निघणार नाही, तो मेसेजमध्येही आपला नसतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ठराविक शब्द टाकूनच द्यायचे का? ‘उदंड आयुष्य लाभो’ हे वाक्यही कोटी वेळा वापरलेलं आहे. तेही कुणालाही बसतं.

नाही, ते टाकायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या पत्रांत काय असायचं, ते आठवा. वर ‘तीर्थरूप’, मग ‘शि. सा. न. वि. वि.’, मग ‘पत्रास कारण की’. पहिले दोन ठराविक. त्यांत कुणी नवेपणा शोधत नसे. त्यांचं काम दाराशी चपला काढण्यासारखं: आपण कोणाच्या घरात शिरतोय हे कबूल करणं. सलामाचे शब्दही ठरलेले असतात, दुआचेही. कुणी रोज नवा सलाम रचत नाही, आणि म्हणून तो खोटा ठरत नाही. चूक ठराविक शब्द वापरण्यात नाही. ‘पत्रास कारण की’ येण्याआधीच पत्र संपवण्यात आहे. भाचीच्या पहिल्या मेसेजात सगळाच मायना होता. कारण कुठेच नव्हतं.

आणि इथे मला एक मर्यादाही सांगितली पाहिजे. या कसोट्या लिहू शकणाऱ्याच्या मजकुरासाठी आहेत. आमच्या गल्लीत हातगाडीवर फळं विकणारे एक चाचा आहेत. त्यांना लिहिता येत नाही. सरांच्या वाढदिवसाला ते गुलाबाचं चमकणारं चित्र फॉरवर्ड करतात, त्यावर काय लिहिलंय ते त्यांनाही नीट ठाऊक नसतं. नाव झाकलं तर ते चित्र जगात कुणालाही जाईल. पण सरांचा नंबर शोधायला ते नातवाला अर्धा तास बसवतात. त्यांच्या पोरांना सरांनी शिकवलंय. ते चित्र उतरवलेलं आहे आणि खरंही आहे. मजकूर बघून मजकुराबद्दलच सांगता येतं. नियत त्यात दिसेलच असं नाही. म्हणून दुसऱ्याने पाठवलेल्या मेसेजवर ही कसोटी चालवून ‘याने मनापासून लिहिलेलं नाही’ असा निकाल देऊ नये. ही कसोटी आपल्या स्वतःच्या मसुद्यावर, पाठवण्याआधी चालवायची असते.

रात्री साडेअकराच्या सुमारास तिचा तिसरा मसुदा झाला. तो असा:

“सर, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुम्हीच सांगितलं होतं की खरा वाढदिवस पोळ्याच्या आदल्या दिवशी, तेव्हा पुन्हा फोन करीनच. पाचवीत तुम्ही मला ‘ळ’ची वही दिली होती आणि चुकलेल्या शब्दापुढे ‘उद्या’ लिहायचे. ती वही माझ्याकडे आहे. वॉर्डात एखाद्या आजीला गोळ्या समजावून सांगताना ‘सकाळी, संध्याकाळी’ म्हणते, तेव्हा ती आठवते. आजपासून शाळा नाही, तर सकाळ जड जाईल. एखाद्या दिवशी घरी येऊ का? उदंड आयुष्य लाभो.”

मी एक वाक्य काढायला सांगणार होतो: ‘सकाळ जड जाईल.’ मला वाटलं, निवृत्तीच्या पहिल्याच दिवशी हे कशाला. तिने ऐकलं नाही. म्हणाली, “जायेगीच ना मामू. उनकोबी मालूम है.” आता विचार करतो तेव्हा वाटतं, तिचंच बरोबर होतं. दुसऱ्या कसोटीचा अर्थ तिला माझ्यापेक्षा जास्त कळला होता. माणसाच्या आजच्या दिवसासमोर मजकूर धरायचा तो फक्त चुका वगळायला नव्हे. त्या दिवसाबद्दल काही म्हणायची हिंमत असेल तर ते म्हणायलाही. कार्ड हे कधीच करू शकत नाही, कारण कार्डाला आनंदाखेरीज काही विकता येत नाही.

शेवटी आलेलं ‘उदंड आयुष्य लाभो’ मीही ठेवायला सांगितलं. तेच तीन शब्द पहिल्या मसुद्यातल्या ‘दीर्घायुष्य लाभो’पेक्षा वेगळे ऐकू येत होते, कारण आता त्यांच्यावर एका वहीचं वजन होतं.

दुसऱ्या दिवशी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज पडत होते. शिल्पकार, दीपस्तंभ, वटवृक्ष सगळे आले. सरांनी दुपारी सगळ्यांना मिळून एकच ‘मनःपूर्वक आभार’ टाकलं. तेही ठराविकच होतं, आणि त्याबद्दल त्यांना कोण काय म्हणणार? दोनशे कार्डांना एका कार्डानेच उत्तर देता येतं.

भाचीला त्यांचं उत्तर संध्याकाळी वेगळं आलं. दोनच ओळी. “वही घेऊन ये. काही शब्दांपुढचा ‘उद्या’ अजून बाकी असेल.”